प्रतिसाद : कपातीच्या ईमेलचा मसुदा

> "आर्किटेक्टचे बिल ७०,८०० रुपयांचे होते, खात्यात ६४,८०० जमा झाले. 'नियमानुसार कपात केली आहे' असे मी कळवले, तर ते अधिकच नाराज झाले. ईमेल कशी लिहावी?"

'नियमानुसार' हा शब्द काढून तिथे आकडे ठेवावेत. माझा मसुदा असा आहे :

"महोदय, आपल्या बिलात शुल्क ६०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये, असे एकूण ७०,८०० रुपये होते. व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस कापणे आम्हांला बंधनकारक असल्याने ६,००० रुपये वजा करून ६४,८०० रुपये आपल्या खात्यात जमा केले आहेत. हे ६,००० रुपये आपल्या पॅनवर आपला कर म्हणून सरकारकडे भरले जातात आणि विवरणपत्र भरताना आपल्या करातून वजा होतात. कर त्याहून कमी निघाल्यास फरक परत मिळतो."

पाठवण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल, तर टीडीएस केवळ मूळ शुल्कावर कापायचा असतो. चुकून ७०,८०० वर कापला गेला असता, तर ७,०८० रुपये वजा होऊन ६३,७२० जमा झाले असते. तुमचा आकडा बरोबर आहे, पण ही चूक (आमच्याकडेही एकदा झाली होती) हमखास आढळते.

कापलेली रक्कम तुम्ही तिमाही टीडीएस विवरणपत्र भरल्यानंतरच त्यांच्या पॅनवर दिसते, म्हणून टीडीएस प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत पाठवाल तेही शेवटी लिहावे.