मदत हवी आहे: घर्षण धरल्यावर मोनोड्रोमी मॅट्रिक्सची कसोटी कोणती?

मॅथ्यू समीकरण तपासतोय: x″ + c·x′ + (0.25 + 0.1·cos t)·x = 0. सुरुवातीच्या अटी (1,0) आणि (0,1) घेऊन एका आवर्तनापर्यंत, म्हणजे 2π पर्यंत, सोडवलं की दोन्ही उत्तरं M चे स्तंभ होतात.

c = 0 असताना det M = 1 आणि ट्रेस साधारण −2.10. मूल्य 2 च्या बाहेर, म्हणून अस्थिर, हे पटतं.

c = 0.06 ला मात्र ट्रेस −1.74 येतो, तरी दोलन वाढतंच, दर आवर्तनाला चिन्ह बदलत. आयगेनमूल्यं −1.13 आणि −0.60 आहेत. det M = e^(−2πc), म्हणजे 0.69.

मग इथे |ट्रेस| < 1 + det हीच अट लावायची ना? आणि दोन जोडलेल्या लंबकांच्या 4×4 मॅट्रिक्ससाठी सगळी आयगेनमूल्यं काढण्यावाचून दुसरा मार्ग आहे का?