ऑप्शन आत्ता घ्यायचे की गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचं?

मिहानवाला: आमची कंपनी शेअर बाजारात नाही. ठरलेल्या भावात तिचे शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन, मला मिळालाय. त्यातले 2000 व्हेस्ट झालेत, म्हणजे आता वापरता येतात; एक्सरसाइज किंमत, म्हणजे शेअर घ्यायचा भाव, 50 रुपये. मर्चंट बँकरने शेअरचा भाव 650 काढलाय. पगार 28 लाख, नवी करप्रणाली. आत्ता एक्सरसाइज करू की शेअर विकत घेणारा गुंतवणूकदार येईपर्यंत थांबू?

सदरची सीए: थांबा. शेअरमागे 600, म्हणजे 12 लाख पर्क्विझिट, म्हणजे नोकरीतला लाभ, म्हणून तुमच्या पगारात मिळवले जातील. सेससकट 31.2 टक्क्यांनी 3,74,400 कर, आणि तो कंपनी टीडीएस म्हणून कापेल. वर शेअरचे 1 लाख. पावणेपाच लाख जातील आणि हातात येतील ते आज विकता न येणारे शेअर.

धरमपेठ: मला हे पटत नाही. आत्ता घेतले तर पुढची वाढ भांडवली नफ्यात जाते. 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवून 900 ला विकले तर 850 वर फक्त 12.5 टक्के.

सदरची सीए: 850 वर नाही. 650 पर्यंतचा कर पगारात भरून झालेला असतो, म्हणून खरेदी किंमत 650 धरायची. असं 50 धरून रिटर्न भरणारे त्याच रकमेवर दोनदा कर भरतात. नफा 5 लाख, सेससकट कर 65,000, दोन्ही मिळून 4,39,400. थांबून 900 ला एक्सरसाइज करून त्याच दिवशी विकले तर 17 लाखांवर 5,30,400. म्हणजे घाई केल्याने 91,000 वाचतात, इथवर तुमचं खरं.

पण भाव 400 वर आला तर? थांबलेला 7 लाखांवर 2,18,400 भरेल. आधी घेणाऱ्याचे 3,74,400 गेलेले, परत मिळत नाहीत. 5 लाखांचा भांडवली तोटा पगारातून वजा होत नाही. आठ वर्षं पुढे नेता येतो, पण तेवढा भांडवली नफा कुठून तरी यायला हवा.

इतवारीकर: मले आरएसयू, म्हणजे कंपनीकडून पैसे न देता मिळणारे शेअर, भेटले होते, व्हेस्ट होताच कर कापला. थांबायचं कोणी विचारलंच नाही. हे कुठून आलं?

सदरची सीए: आरएसयूत व्हेस्ट होताच शेअर मिळतो, म्हणून कर तेव्हाच. ऑप्शनमध्ये एक्सरसाइजचा दिवस आपण निवडतो.

धरमपेठ: स्टार्टअपवाल्यांना हा कर पुढे ढकलता येतो ना? मग भीती कसली? आणि विकल्याशिवाय कर घेणं हाच मुळात अन्याय आहे.

सदरची सीए: नुसती स्टार्टअप मान्यता पुरत नाही, आयकर सवलतीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते असलं तरी नोकरी सोडली की 14 दिवसांत कर भरावा लागतो. अन्यायाचं मात्र मी मानत नाही. कामाचा मोबदला शेअरमध्ये मिळाला तरी तो पगारच. माझी तक्रार तोट्याच्या नियमाबद्दल आहे.

मिहानवाला: प्रमाणपत्र नाही, एचआरला विचारलं. पण ऑप्शनच्या पत्रात लिहिलंय की नोकरी सोडल्यावर 90 दिवसांत एक्सरसाइज न केल्यास ऑप्शन रद्द. आणि मला दिवाळीनंतर दुसरीकडे जायचंय.

धरमपेठ: मग थांबणं तुमच्या हातात राहिलंच कुठे?