मदत हवी आहे: स्टोअररूममधली बिनलेबलची बाटली

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या स्टोअररूममध्ये मागच्या फळीवर तपकिरी काचेची बाटली सापडली. लेबल गळून पडलंय, तळाशी बोटभर द्रव आहे आणि झाकणाच्या आट्यांत पांढरे, साखरेसारखे स्फटिक जमलेत. जुना ईथर असेल तर ते पेरॉक्साइड असू शकतं. मग झाकण फिरवताना होणारं घर्षणसुद्धा स्फोटाला पुरेसं. म्हणून हात लावला नाही, लांबून फोटो काढला, खोलीला कुलूप लावून प्राचार्यांना कळवलं. शिपाईमामा म्हणत होते, "बेसिनमध्ये ओतून टाकू," त्यांना थांबवलं. आता आधी अग्निशमन दलाला कळवायचं की पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला? बाटली निकामी झाल्यावर उरलेला कचरा घातक कचऱ्याच्या अधिकृत संस्थेकडे कसा सोपवतात? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.