मदत हवी आहे: 'प्लायवूड'चं कपाट सहा महिन्यांत फुगलं, दुकानाला पत्र कसं लिहू?

गोडोलीकर
आम्ही साताऱ्यात राहतो. फेब्रुवारीत इथल्याच एका दुकानातून तीन दारांचं कपाट घेतलं, ३८,५०० रुपयांना. बिलावर 'प्लायवूड वॉर्डरोब' असं लिहिलंय. जुलैत पाऊस लागून राहिला आणि डावं दार खाली घासायला लागलं. मला वाटलं, बिजागरी सैल झाली असेल. ऑगस्टमध्ये वाकून बघितलं तर दोन्ही बाजूंच्या फळ्या तळाशी वीतभर फुगल्यात, मायका सुटलाय आणि बोटानं दाबलं की भुसा गळतो.

दुकानदार म्हणतात, "ताई, तुमच्या भिंतीला ओल आहे, आम्ही काय करणार?" माझं पत्र असं आहे:

"आपण दिलेले कपाट अत्यंत निकृष्ट असून आम्हाला प्रचंड मनस्ताप झाला आहे. त्वरित कारवाई करावी, अन्यथा कोर्टात खेचू."

लिहून बरं वाटलं, पण यानं काही हलेल असं वाटत नाही. काय बदलू?

कृष्णाकाठ
२०१९च्या पुरात सांगलीत आमचं सागवानी कपाट चार दिवस पाण्यात होतं. सावलीत वाळवलं, आजही वापरतोय. पत्रबित्र सोडा, पंख्याखाली ठेवा, बसेल खाली.

रंधा
काका, तुमचं सागवान होतं. हे बसणार नाही. ताई, भुसा गळतो म्हणालात, सगळी गोम तिथंच आहे. प्लायवूड पाण्यानं बिघडलं तर त्याचे पापुद्रे सुटतात, भुसा गळत नाही. तुमच्या फळ्या पार्टिकल बोर्डच्या दिसतायत. तो लाकडाचा चुरा गोंदात दाबून करतात. एकदा फुगला की वाळला तरी जाडी परत येत नाही.

दोघांनी धरून कपाट रिकामं करून आडवं करा आणि जमिनीला टेकणारी कड बघा. तिथं बहुतेक पट्टी लावलेली नसते, फरशी पुसल्याचं पाणीसुद्धा तिथूनच आत शिरतं. प्लाय असेल तर वहीच्या पानांसारखे थर दिसतील, बोर्ड असेल तर राजगिऱ्याच्या वडीसारखं दिसेल. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. सुताराकडून खालचा भाग कापून मात्र घेऊ नका, पुरावाच जाईल.

भिंतीचं म्हणाल तर कपाटामागे हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून एक दिवस ठेवा. आतून पाणी धरलं तर ओल भिंतीतली.

हक्काचं_बोला
कायद्यानं प्रत्येक वस्तूला एक वर्षाची गॅरंटी असतेच. रजिस्टर एडी टाका, घाबरून पैसे देतील.

जुनी_फाईल
अशी सरसकट गॅरंटी कायद्यात नाही. दोन वर्षांची मुदत आहे ती ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायची. आणि रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आणि पोचल्याची नोंद जपा.

ताई, 'निकृष्ट' म्हणालात की भांडण दर्जावर जातं आणि दुकानदार ओलीवर बोट ठेवतो. बिलावर एक, दिलं दुसरं, यावर बोट ठेवा. मनस्ताप काढून एवढंच लिहा:

"दि. … च्या बिल क्र. … नुसार आपण प्लायवूडचे कपाट ३८,५०० रुपयांस विकले. प्रत्यक्षात त्याच्या बाजूच्या फळ्या पार्टिकल बोर्डच्या आहेत (फोटो १ व २). जुलैपासून त्या तळाशी फुगल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बिलाप्रमाणे प्लायवूडचे कपाट द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. तोवर कपाट पाहणीसाठी आहे तसे ठेवले आहे."

सोबत बिलाची प्रत जोडा, मूळ बिल देऊ नका. उत्तर नाही आलं तर १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही.

गोडोलीकर
कपाट आडवं केलं. बाजू आणि तळ, राजगिऱ्याची वडीच! पण मागची पातळ फळी खरंच प्लायची निघाली. आणि प्लास्टिकला आतून घाम आला होता, म्हणजे भिंतीत थोडी ओल आहे. आता काय लिहू?

जुनी_फाईल
मागचं प्लाय आहे हेही लिहा, लपवलंत तर तेच तुमच्यावर उलटवतील. भिंत कोरडी आहे असं कुठंही लिहू नका. ओल असली तरी सांगितलं तेच दिलं का, हा प्रश्न उरतोच. ओलीपायी रक्कम थोडी कापतील का, ते आयोगावर आहे.

रंधा
नवीन आलं तर भिंतीपासून चार बोटं लांब आणि पायावर उभं करा. प्लाय झालं म्हणून ओल सोसेलच असं नाही.

कृष्णाकाठ
म्हणजे सागवानच बरं.

गोडोलीकर
परवा स्पीड पोस्टानं टाकलं. दुकानातून तासाभरापूर्वी फोन आला, "पत्र कशाला, माणूस पाठवतो, पट्टी मारून देईल." नको म्हणाले. बरोबर केलं ना?