मदत हवी आहे: फ्रीज महिन्याला किती युनिट खातो, हिशोब जुळत नाही

कोकणकडा
260 लिटरचा, दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज, 2014 चा, साधा कॉम्प्रेसर (इन्व्हर्टरवाला नाही). मागच्या पट्टीवर 230 V, 1.1 A आणि डीफ्रॉस्ट 160 W लिहिलंय. स्टार लेबलवर वर्षाला 336 युनिट, म्हणजे महिन्याला 28. मी 230 × 1.1 = 253 वॅट धरले, गुणिले 24 तास, गुणिले 30 दिवस. उत्तर 182 युनिट येतं! घराचं अख्खं बिलच 170 च्या आसपास असतं. चूक कुठे होतेय?

वायरमन_सातारा
फ्रीज सतत चालत नाही, निम्मा वेळ बंद असतो. 182 चे निम्मे करा, 91 युनिट. झालं.

शीतकपाट
निम्मं करण्याचा विचार बरोबर आहे, पण ज्याचं निम्मं करताय तो आकडाच चुकीचा आहे. पट्टीवरचा अँपिअर हा जास्तीत जास्त प्रवाह असतो, वायर आणि प्लग त्यावरून ठरवायचे. शिवाय मोटर असल्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की खऱ्या वॅटपेक्षा जास्तच येतं, आणि मीटर मोजतो ते खरे वॅट. या आकाराच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण 100 ते 130 वॅट घेतो.

तुमचा नेमका आकडा घरच्या मीटरवरच मिळेल. बाकी सगळं बंद करा, राउटर आणि बॅटरीचा इन्व्हर्टरसुद्धा. मीटरवर 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असेल. कॉम्प्रेसर सुरू होऊन पाच मिनिटं झाली की लाल दिव्याच्या 10 लुकलुकी किती सेकंदांत होतात ते मोजा. त्याला 10 ने भागून एका लुकलुकीचे सेकंद काढा.

```
W = 3600000 / (3200 × सेकंद)
```

मग कॉम्प्रेसर किती मिनिटं चालू आणि किती बंद, ते बघा. दुपारी तीन फेऱ्या, रात्री झोपताना तीन फेऱ्या. फक्त दुपारचं मोजलंत तर महिन्याचा आकडा फुगेल.

माजघर
माझ्याकडे 850 व्हीएचा इन्व्हर्टर आहे, त्यावर फ्रीज चालेल का? सुरू होताना दिवे मंद होतात.

शीतकपाट
ताई, तो सुरू होतानाचा झटका, एखाद्या सेकंदाचाच. युनिटच्या हिशोबात त्याला किंमत नाही, इन्व्हर्टर निवडताना मात्र तोच महत्त्वाचा. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

कोकणकडा
मोजलं. मीटर 3200 चाच आहे. 10 लुकलुकी 96 सेकंदांत, म्हणजे 117 वॅट. दुपारी 26 मिनिटं चालू, 14 बंद. रात्री 15 चालू, 18 बंद. पण एकदा विचित्र झालं: कॉम्प्रेसरचा आवाज पूर्ण थांबला होता, तरी दिवा दर 7 सेकंदांनी लुकलुकत होता.

शीतकपाट
विचित्र नाही, तो डीफ्रॉस्टचा हीटर. 7 सेकंद म्हणजे 160 वॅट, तुमच्या पट्टीशी तंतोतंत जुळतंय. त्याच्या लगेच नंतरची फेरी लांबलचक असते, ती सरासरीत धरू नका.

आता हिशोब. दुपारी 65 टक्के, रात्री 45 टक्के. उकाड्याचे 10 तास आणि उरलेले 14 धरले तर कॉम्प्रेसर दिवसाला 6.5 + 6.3 = 12.8 तास चालतो. गुणिले 117 वॅट, म्हणजे रोज दीड युनिट, महिन्याला 45. जुन्या टायमरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर साधारण 8 तास चालला की हीटर लागतो, एका वेळी 20-25 मिनिटं. त्याचे महिन्याला 3 युनिट. एकूण 48 च्या आसपास.

वायरमन_सातारा
मग लेबलवर 28 कसे? लेबल खोटं?

शीतकपाट
खोटं नाही. ती चाचणी ठरावीक तापमानात, दार बंद ठेवून होते. आपल्याकडे दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं, गरम भात आत जातो. पण 28 चे 48 हा फरक मला नुसत्या वापराचा वाटत नाही. कोकणकडा, दारात कागद अडकवून ओढून बघा, चारही बाजूंनी. सहज निसटला तर तिथलं रबर गेलंय.

कोकणकडा
खालच्या दाराला बिजागरीच्या बाजूला कागद अलगद निघतो. बाकी तीन बाजू घट्ट.

वायरमन_सातारा
रबर बदलण्याआधी ती बाजू हेअर ड्रायरने गरम करून बघा, पुष्कळदा पुन्हा फुगून बसते. माझ्या मते गॅसही कमी झालाय.

शीतकपाट
गॅस कमी असता तर कॉम्प्रेसर जवळजवळ थांबलाच नसता. रात्री 18 मिनिटं बंद राहतोय, म्हणून मला तसं वाटत नाही. अर्थात हे आकडे मे महिन्यातले आहेत. रबर बसवल्यावर त्याच वेळांना पुन्हा फेऱ्या मोजा. आणि एक सांगा, फ्रीजच्या बाजूचे पत्रे गरम लागतात का, आणि ते भिंतीपासून किती लांब आहेत?

कोकणकडा
डावा पत्रा चांगलाच तापतो. भिंतीला जवळजवळ चिकटलाय, दोन बोटं जागा असेल. सरकवायला ओटा आडवा येतोय.