शब्दचर्चा: 'ग्रिप बदला' म्हणजे नेमकं काय बदलायचं?

अनघा (खारघर)
मुलगी 11 वर्षांची आहे, दीड वर्ष टेनिस खेळते. गेल्या महिन्यात तिचे सर म्हणाले, "हिची ग्रिप बदलायला हवी, फार वेस्टर्न झालीय." मी शहाणी वाशीला गेले, रॅकेटच्या दांड्यावरची जुनी पट्टी सोलून नवी गुंडाळून आणली. जांभळी, तिच्या पसंतीची. सर ती बघून इतके हसले की पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

आता माझे प्रश्न. या दुसऱ्या अर्थाच्या ग्रिपला मराठीत काय म्हणायचं? 'पकड' म्हटलं की मला वायरमनच्या हातातली पकड दिसते. आणि ईस्टर्न, सेमी-वेस्टर्न, वेस्टर्न म्हणजे पौर्वात्य आणि पाश्चात्त्य असंच का? कोण कुठल्या पूर्वेकडचं?

जाता जाता एक कोडंही सांगते. हीच मुलगी ठाण्यात सिमेंटच्या कोर्टावर मोठ्या मुलांना दमवते आणि आमच्या सोसायटीतल्या हिरव्या नकली गवतावर आली की फोरहँड सरळ नेटमध्ये घालते.

विन्या वाशीवाला
ताई, पट्टी बदललीत ते चुकलं नाही हो. आपल्याकडच्या घामाला ती महिनाभरही टिकत नाही. मी जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बदलतो. टॉवेलसारखी खरखरीत मिळते ती घ्या, गुळगुळीत नको. रॅकेट हातात फिरली की फोरहँड नेटमध्येच जाणार.

अनघा (खारघर)
विनय, धन्यवाद, पण ठाण्यातही घाम तेवढाच येतो.

शब्दवेल्हाळ
ईस्टर्न म्हणजे आशियाई. टेबल टेनिसमध्ये चिनी-जपानी खेळाडू बॅट पेनसारखी धरायचे आणि युरोपातले हस्तांदोलनासारखी. तोच भेद टेनिसमध्ये आला असणार. म्हणून 'पौर्वात्य मूठ' आणि 'पाश्चात्त्य मूठ' हे प्रतिशब्द योग्य वाटतात. 'सेमी'साठी 'अर्ध' आहेच. नावं भूगोलावरून पडली आहेत एवढं नक्की.

घोडबंदरचा मास्तर
शेवटचं वाक्य बरोबर आहे, भूगोल मात्र चुकला. ही पूर्व-पश्चिम अमेरिकेतली आहे. पूर्व किनाऱ्यावर टेनिस मुख्यतः हिरवळीवर चालायचं. तिथली राष्ट्रीय स्पर्धा 1974 पर्यंत गवतावरच होती. गवतावर टप्पा खाली राहतो, चेंडू गुडघा ते कंबर एवढ्यात येतो. पश्चिमेला कॅलिफोर्नियात सिमेंटसारखी कडक कोर्टं, तिथे टप्पा खांद्यापर्यंत उसळतो. दोन्हीकडच्या पोरांनी आपापल्या टप्प्याला सोयीची रॅकेट धरली आणि किनाऱ्यांची नावं चिकटली. फिलाडेल्फियाचा बिल टिल्डन ईस्टर्नवाला, सॅन फ्रान्सिस्कोचा बिल जॉन्स्टन वेस्टर्नवाला. 1919 च्या अमेरिकन अंतिम सामन्यात जॉन्स्टन जिंकला, 1920 ला टिल्डन. म्हणजे त्या नावांत संस्कृती-बिंस्कृती काही नाही, टप्प्याची उंची आहे. 'पाश्चात्त्य मूठ' लिहिलंत तर वाचणारा युरोप शोधत बसेल.

अनघाताई, तुमच्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. तुमच्या सोसायटीत पूर्व किनारा आहे आणि ठाण्यात कॅलिफोर्निया.

शब्दवेल्हाळ
मान्य. टेबल टेनिस मागे घेतो.

ऋग्वेद_नेरुळ
सर, पण वेस्टर्नच भारी ना? वेस्टर्न धरली की टॉपस्पिन आपोआप येतो. मग मुलीला मागे ईस्टर्नवर का आणायचं? आता ईस्टर्न कोण खेळतं?

घोडबंदरचा मास्तर
ऋग्वेद, 'आपोआप' हा शब्द काढून टाक, बाकीचं अर्धं खरं आहे. टॉपस्पिन येतो तो रॅकेट खालून वर जाताना चेंडूला घासल्यामुळे, आणि त्या क्षणी रॅकेटची जाळी जवळजवळ उभी असावी लागते. ग्रिप फक्त एवढं ठरवते की मनगट न पिळता जाळी कुठल्या उंचीवर उभी राहील.

रॅकेट हातात घे आणि करून बघ. दांड्याला आठ पैलू असतात (मराठीत 'अष्टपैलू' शब्द इतका चपखल क्वचित बसतो). रॅकेटची कड जमिनीकडे करून धर. सगळ्यात वरचा पैलू पहिला, तिथून उजवीकडे मोजत जा. तर्जनीच्या मुळाशी तळहातावर जो उंचवटा आहे तो तिसऱ्या पैलूवर टेकला तर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर, म्हणजे अगदी तळाच्या पैलूवर, वेस्टर्न. डावखुऱ्यांनी डावीकडे मोजायचं.

आता भिंतीसमोर उभा राहा आणि जाळी भिंतीला सपाट टेकव, आधी कमरेच्या उंचीवर. ईस्टर्नमध्ये ती सहज टेकते, कारण तळहात आणि जाळी एकाच दिशेला बघतात. भिंतीला तळहात टेकवल्यासारखंच वाटतं. वेस्टर्न धरून तेच कर. कमरेजवळ जाळी जमिनीकडे बघायला लागेल आणि ती सपाट टेकवायची तर मनगट दुखेल इतकं मागे वळवावं लागेल. तसाच हात पुढे घेत छाती-खांद्यापर्यंत वर ने, कुठेतरी जाळी आपणहून सपाट बसेल. ती तुझी चेंडू घ्यायची जागा. ईस्टर्नमध्ये ती कमरेशी, सेमी-वेस्टर्नमध्ये कंबर ते छाती आणि थोडी पुढे, वेस्टर्नमध्ये छाती ते खांदा आणि आणखी पुढे.

वेस्टर्नवाल्याची जाळी येतानाच खाली झुकलेली असते, म्हणून त्याला जोरात वर घासावंच लागतं. नाही घासलं तर चेंडू नेटमध्ये. म्हणजे टॉपस्पिन ही तिथे बक्षिसी नाही, सक्ती आहे.

ऋग्वेद_नेरुळ
भिंतीचं आत्ता हॉलमध्ये करून बघितलं. आई ओरडली, पण खरंय. माझी वेस्टर्न नाहीच निघाली, चौथा पैलू.

पेठेकाका, ठाणे
माझी व्यथा उलटी आहे. वय 58. लाकडी रॅकेटवर शिकलो, "रॅकेटशी शेकहँड कर" एवढंच सांगायचे, म्हणजे तुमची ईस्टर्न. कमरेवरचा चेंडू अजून कुणाच्या बापाला परत येणार नाही असा मारतो. पण ही नवी पोरं असा फिरवून टाकतात की टप्पा पडून चेंडू माझ्या कानाशी येतो, आणि तो मारला की कोर्टामागच्या कुंपणात. मास्तर, या वयात मी पैलू बदलावा का? कोपर आधीच कुरकुरतं.

घोडबंदरचा मास्तर
काका, तुमचं तेच, फक्त उलट्या टोकानं. ईस्टर्नमध्ये खांद्याच्या वर जाळी आभाळाकडे उघडते आणि मनगटामागे आधार राहत नाही, म्हणून चेंडू लांब जातो. पैलू बदलू नका. एक पाऊल पुढे या आणि टप्पा पडून वर चढतानाच, कमरेशी असताना घ्या. जमणार नसेल तर उलट दोन-तीन पावलं मागे जा आणि खाली येऊ द्या. फेडररची पकड ईस्टर्नच्याच जवळची होती, तोही चेंडू चढतानाच घ्यायचा.

पेठेकाका, ठाणे
पुढे येण्याएवढे गुडघे असते तर प्रश्नच नव्हता. मागेच जातो.

अनघा (खारघर)
मास्तर, भिंतीची परीक्षा मुलीची घेतली. दांड्यावर खडूनं खुणा केल्या. पाचवा पैलू! जाळी खांद्याशी सपाट, कमरेशी पार जमिनीकडे. पण हिला असं धरायला कुणीच शिकवलं नव्हतं. मग झालं कसं?

घोडबंदरचा मास्तर
मुलगी किती उंच आहे? आणि सुरुवातीपासून पिवळ्या चेंडूनं खेळते का?

अनघा (खारघर)
140 सेंमी. हो, पहिल्या दिवसापासून पिवळा.

घोडबंदरचा मास्तर
मग कुणी शिकवायची गरजच नव्हती. 140 सेंमीच्या मुलीचा खांदा साधारण 115 सेंमीवर येतो. कडक कोर्टावर पिवळा चेंडू रोज तिथे किंवा त्याच्याही वर उसळणार. वर्षभर डोक्याशी येणारे चेंडू मारताना हात दांड्याखाली सरकत जातो, मुलाला कळतही नाही. म्हणून तर लहानांसाठी हिरव्या ठिपक्याचा चेंडू असतो, पिवळ्यापेक्षा 25 टक्के मंद आणि कमी उसळणारा. त्याहून लहानांना नारिंगी. 10 वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा चेंडू 2012 पासून नियमानंच बंद आहे.

आता सोसायटीतलं गणित बघा. नकली गवतावर वाळू असते, चेंडू घसरतो आणि तिच्या मांडीशी, समजा 60 सेंमीवर येतो. नेट मध्यभागी 91 सेंमी. म्हणजे चेंडू निदान 31 सेंमी उचलायचा, वर थोडी जागाही सोडायची, आणि तिची जाळी तर त्या उंचीवर जमिनीकडे बघतेय. नेटमध्ये जाणार नाही तर काय होईल? ठाण्यात तोच चेंडू नेटच्या पट्टीपेक्षा वर मिळतो, तिथे तिची पकड राणीसारखी चालते.

ईस्टर्नवर आणू नका, उड्या मोठ्या होतात. एक पैलू मागे, चौथ्यावर. चौथ्या पैलूवर खडूची रेघ ठेवा आणि हिरव्या ठिपक्याच्या चेंडूनं हातानं टाकून कमरेच्या उंचीवर मारायला द्या. पहिले काही दिवस चेंडू लांब जातील, कारण वर ओढायची जुनी सवय तशीच असते आणि जाळी आता कमी झुकलेली. लांब जातायत म्हणजे हात नव्या जागी आहे. पुन्हा नेटमध्ये पडायला लागले तर आधी रेघ बघा, हात खाली सरकलेला सापडेल. आणि खालच्या चेंडूला गुडघे वाकवायचे, मनगट नाही.

विन्या वाशीवाला
मास्तर, पण स्वियातेक वेस्टर्ननंच जिंकते ना? मग पोरीची मोडायची कशाला? उंची वाढली की गवतावरही जमेल.

घोडबंदरचा मास्तर
हा वाद आमच्या कोचांतही आहे. काही जण म्हणतात, चांगली चालणारी गोष्ट हलवू नये. माझं मत वेगळं आहे, कारण पाय तेवढे वेगवान नसतील तर वेस्टर्नवाल्याला खालचा चेंडू जन्मभर नडतो. पण तिच्या सरांनी तिला रोज बघितलंय, मी नाही.

शब्दवेल्हाळ
मूळ प्रश्न राहिला. 'मूठ' ही वस्तूची असते, तलवारीची, छत्रीची. धरण्याच्या पद्धतीला कुस्तीत 'पकड' आहेच, तेव्हा वायरमन बाजूला ठेवून 'पकड' घ्यावी. गुंडाळायची ती 'पट्टी'. ईस्टर्न-वेस्टर्न तसेच ठेवावेत, भाषांतर केलं की अर्थ बिघडतो हे वर दिसलंच. टॉपस्पिनला क्रिकेटातल्या 'फिरकी'वरून काही सुचतं का?

पेठेकाका, ठाणे
'फिरकी' म्हटलं की चेंडू डावीकडे-उजवीकडे वळतो असं वाटतं. हा तर पुढे लोळत खाली बुडतो आणि टप्प्यावर उसळतो. 'लोळण' म्हणा.

शब्दवेल्हाळ
लोळण घेतात ती हट्टी मुलं, काका.

अनघा (खारघर)
तुमची चर्चा मुलीला वाचून दाखवली. ती म्हणते, त्यांच्या बॅचमध्ये याला शब्द केव्हाचेच आहेत. ईस्टर्न म्हणजे 'शेकहँड' आणि वेस्टर्न म्हणजे 'तवा', कारण हँडलवाला तवा उचलावा तशी रॅकेट उचलायची. सेमीला काय म्हणता विचारलं तर म्हणाली, "अर्धा तवा." आज संध्याकाळी खडूची रेघ घेऊन अर्ध्या तव्यावर जातोय.