लवचिकतेचा क्रम आणि निष्पत्ती

“मागणी-पुरवठ्यानंतर लगेच लवचिकता शिकवावी का, आणि तिची अध्ययन निष्पत्ती कशी लिहावी?”

होय, लगेचच, कारण किंमत बदलल्यावर मागणी किती प्रमाणात बदलते हे सांगणाऱ्या या लवचिकतेवरच पुढचा कराच्या भाराचा घटक उभा आहे. पुरवठ्याची स्थिती तीच असता मागणी जितकी कमी लवचिक, तितका कराचा मोठा वाटा ग्राहकावर पडतो.

‘संकल्पना समजेल’ ही निष्पत्ती तपासता येत नाही. त्याऐवजी ‘दिलेल्या आकड्यांवरून लवचिकता काढून विक्रेत्याचे उत्पन्न वाढेल की घटेल, हे विद्यार्थी सकारण सांगेल’ असे लिहावे. आपल्या सोलापुरी टॉवेलचे कल्पित उदाहरण घ्या: किंमत १०० वरून ११० रुपये झाल्यावर मागणी ५० वरून ४० नगांवर आली, तर मागणीतील २० टक्के घटीला किमतीतील १० टक्के वाढीने भागून लवचिकता २ येते आणि उत्पन्न ५,००० वरून ४,४०० रुपयांवर उतरते.

वाचनात आधी असे कोष्टक, मग पाठ्यपुस्तकातील व्याख्या, आणि शेवटी सरळ मागणी रेषेवरील बिंदूंचा भाग द्यावा. येथेच विद्यार्थी अडखळतात: उतार सर्वत्र सारखा असला, तरी रेषेवरून खाली येताना लवचिकता घटत जाते. म्हणून त्याच रेषेवरील दोन बिंदूंची तुलना करणारा एक प्रश्न अंतर्गत चाचणीत अवश्य ठेवावा; ज्याला उतार आणि लवचिकता एकच वाटते, तो दोन्ही ठिकाणी एकच उत्तर लिहितो.